पीक विम्याच्या कागदातील चार शब्द आणि आपला दावा

(शहागड, जि. जालना येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या खिशात किंवा पिशवीत पीक विम्याची पावती असेल. ती जरा बाहेर काढा. तिच्यावर आपले नाव, गाव, गट नंबर, पिकाचे नाव, क्षेत्र, भरलेला हप्ता आणि विमा संरक्षित रक्कम, एवढ्या गोष्टी छापलेल्या आहेत. आपली नजर सहसा शेवटच्या आकड्यावरच खिळते. हेक्टरी पन्नास हजार लिहिले असेल, तर पीक गेल्यावर पन्नास हजार मिळणार असे आपण मनाशी धरतो. मात्र दावा ठरतो तो चार शब्दांवर. त्यातला एकच शब्द पावतीवर आहे. बाकीचे तीन शासन निर्णयात आणि योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असतात आणि ते कागद आपल्या हाती कोणी आणून देत नाही. पावतीवरचा शब्द विमा संरक्षित रक्कम. न दिसणारे तीन म्हणजे वजावट, अपवाद आणि जोड संरक्षण. यांनाच विमा कंपनीचे लोक डिडक्टिबल, एक्सक्लूजन आणि रायडर म्हणतात.

हे आज सांगण्याचे कारण २०२५ चा खरीप. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, वरून जायकवाडीचा विसर्ग आला आणि गोदाकाठच्या शिवारात पाणी शिरले. नदीकाठचे सोयाबीन आणि कापूस किती दिवस पाण्यात होता, हे शहागडच्या लोकांना मी सांगायला नको. त्यानंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, २०२३ ला आणि २०२४ ला आम्ही एक रुपया भरला, नुकसान झाल्यावर मोबाईलवरून तक्रार केली, माणूस येऊन पाहून गेला. यंदा शेकड्यात हप्ता भरला, आणि तक्रार घ्यायलाच कोणी तयार नाही. हे कसे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या चार शब्दांत आहे, म्हणून एकेक शब्द घेऊ.

आधी विमा संरक्षित रक्कम. ही आपल्या पिकाची किंमत नव्हे. बाजारात सोयाबीनला काय भाव आहे, आपण एकरी किती खर्च केला, आपले रान काळे आहे की मुरमाड, यांचा तिच्याशी संबंध नाही. हंगामाच्या सुरुवातीला शासन जिल्हा आणि पीक यानुसार हेक्टरी एक रक्कम अधिसूचित करते. साधारणपणे ती पीककर्जाच्या दराला धरून असते. तिला आपल्या क्षेत्राने गुणले की पावतीवरचा आकडा येतो. म्हणजे ही एक कमाल मर्यादा आहे. घागरीत जास्तीत जास्त किती पाणी मावेल ते हा आकडा सांगतो, घागर किती भरेल ते सांगत नाही. हप्ताही याच रकमेवर निघतो. एक रुपयाची सवलत संपल्यावर २०२५ पासून शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांना जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्के असा झाला. हेक्टरी ५०,००० रुपये संरक्षित असतील, तर सोयाबीनचा हप्ता फार तर १,००० रुपये.

क्षेत्राबाबत एक इशारा येथेच देतो. पावतीवर एक हेक्टर सोयाबीन आहे आणि ई-पीक पाहणीत त्याच गटात वीस गुंठे सोयाबीन व बाकी कापूस नोंदला आहे, असे आढळले तर विमा रद्द होण्याची वेळ येते. सेवा केंद्रावर घाईने अर्ज भरताना पीक आणि क्षेत्र चुकते आणि ते कळते चार महिन्यांनी. म्हणून पावती हातात पडली की तिथेच वाचावी.

आता वजावट. हा शब्द ट्रॅक्टरच्या विम्यात लवकर समजतो, म्हणून आधी ट्रॅक्टर घेऊ. समजा ट्रॅक्टर उलटला, दुरुस्तीचे मंजूर बिल १५,००० रुपये झाले आणि पॉलिसीत २,००० रुपये वजावट लिहिली आहे. कंपनी १३,००० देईल, पहिले दोन हजार आपले. बिलच १,८०० रुपयांचे झाले तर काहीच मिळणार नाही. लहानसहान नुकसान मालकाने सोसावे, मोठे विम्याने सोसावे, असा हा हिशोब असतो.

पीक विम्याच्या कागदात वजावट हा शब्द सापडत नाही. पण वजावट तेथेही आहे, वेगळ्या नावाने. तिचे नाव जोखीमस्तर. आपल्या राज्यात अधिसूचित पिकांसाठी जोखीमस्तर ७० टक्के ठेवलेला आहे. हा आकडा कसा काम करतो, ते एका उदाहरणाने पाहू. त्यातले आकडे मी सोपे करून घेतले आहेत, ते कोणत्याही खऱ्या मंडळाचे नाहीत.

समजा एका महसूल मंडळात मागील सात वर्षांचे सोयाबीनचे हेक्टरी सरासरी उत्पादन असे होते : १५००, १३००, ६००, १४००, ७००, १६०० आणि १२०० किलो. नियम असा की सातांपैकी सर्वांत चांगली पाच वर्षे घ्यायची. ६०० आणि ७०० ची दोन पडीची वर्षे गळाली. उरलेल्या पाचांची बेरीज ७०००, म्हणून सरासरी १४०० किलो. याला ७० टक्क्यांनी गुणले की ९८० किलो येतात. या आकड्याला उंबरठा उत्पादन म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे. यंदाचे उत्पादन या उंबरठ्याच्या खाली उतरले तरच दावा घरात येतो.

यंदा मंडळाचे सरासरी उत्पादन १००० किलो आले असे धरा. नेहमीच्या १४०० वरून १००० म्हणजे हेक्टरी चार क्विंटल गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. पण १००० हा आकडा ९८० च्या वर आहे, म्हणून विमा भरपाई शून्य. ही झाली पीक विम्यातली वजावट. सरासरीपासून पहिल्या तीस टक्क्यांपर्यंतची घट आपण सोसायची, असे आपण हप्ता भरतानाच मान्य केलेले असते. फक्त ते आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

आता उत्पादन ७३५ किलो आले असे धरू. नेहमीच्या मानाने जवळजवळ निम्मे पीक गेले. शेतकरी म्हणतो, पन्नास हजारांचे निम्मे पंचवीस हजार मिळावेत. पण हिशोब असा होतो : उंबरठा ९८०, त्यातून ७३५ वजा केले की तूट २४५. या तुटीला ९८० ने भागले की २५ टक्के. पन्नास हजारांचे २५ टक्के म्हणजे हेक्टरी १२,५०० रुपये, एकरी साधारण पाच हजार. कंपनीने निम्मे पैसे कापले असा आरोप अशा वेळी होतो. प्रत्यक्षात कापाकापी झालेली नसते, भागाकार १४०० ने न करता ९८० ने झालेला असतो आणि तूटही ९८० पासूनच मोजलेली असते.

येथे ट्रॅक्टरच्या वजावटीत आणि या वजावटीत एक फरक आहे. ट्रॅक्टरचे दोन हजार नेहमीच कापले जातात. येथे मात्र नुकसान जसे वाढते तशी वजावट विरघळत जाते. मंडळाचे उत्पादन शून्य आले, तर ९८० पैकी ९८० ची तूट, म्हणजे शंभर टक्के, आणि संपूर्ण पन्नास हजार मिळतात. म्हणून हा विमा मोठ्या आपत्तीसाठी बरा आणि मध्यम नुकसानीला तोकडा पडतो. माझे मत विचाराल, तर जोखीमस्तर ८० टक्के असावा, ही मागणी शेतकऱ्यांनी विमा रकमेच्या मागणीपेक्षा मोठ्या आवाजात करायला हवी. वरच्याच उदाहरणात ८० टक्क्यांनी उंबरठा ११२० किलो होतो आणि १००० किलोच्या वर्षीही काही ना काही हाती पडते. अर्थात त्याबरोबर एकूण हप्ताही वाढतो, हे विसरून चालणार नाही.

मी सारखे "मंडळाचे उत्पादन" म्हणतो आहे, ते लक्षात आले असेल. या मूळ संरक्षणात एकट्याच्या शेताचा हिशोब होत नाही. महसूल मंडळ हे एकक असेल, तर त्या मंडळात एका पिकाचे साधारण दहा पीक कापणी प्रयोग होतात. काही पिकांत उपग्रहाच्या आधारे काढलेल्या अंदाजालाही त्यात वजन दिले जाते. यातून जे सरासरी उत्पादन निघेल, ते मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाचे उत्पादन मानले जाते. आपले शेत नदीकाठी असून पूर्ण वाहून गेले, पण मंडळातली माळावरची गावे तरली, तर सरासरी उंबरठ्याच्या वर राहू शकते आणि आपल्याला काहीच मिळत नाही. उलट आपले पीक चांगले असूनही मंडळ पडले, तर आपल्याला पैसे मिळतात. म्हणून गावात कापणी प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी आहे, ते विचारून घ्यावे आणि तेथे चार जणांनी हजर राहावे. प्लॉटची मोजणी, मळणी आणि वजन डोळ्यांसमोर झाले पाहिजे. पुढे दोन महिन्यांनी मोर्चा काढण्यापेक्षा त्या दिवशीचे दोन तास अधिक उपयोगी पडतात.

मग नदीकाठच्या शेतकऱ्याने काय करायचे? येथे जोड संरक्षण येते. मूळ पॉलिसीला जादा जोखमीसाठी जो तुकडा जोडला जातो तो रायडर. बैलगाडीला साटा लावल्यासारखे आहे. साटा असेल तर जादा माल बसतो, पण गाडीबरोबर तो आपोआप येत नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ही मूळ गाडी. पेरणीच न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक नैसर्गिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान ही जोड संरक्षणे. आणि येथे मोठी मेख आहे. जीवन विम्यात रायडर घ्यायचा की नाही ते आपण ठरवतो. पीक विम्यात ते राज्य शासन ठरवते. शासनाने अधिसूचित केले नाही, तर शेतकऱ्याने कितीही जादा हप्ता देऊ केला तरी ते मिळत नाही.

एक रुपयाच्या वर्षांत ही जोड संरक्षणे आपल्या राज्यात लागू होती. खर्च फार वाढला, बोगस अर्जांच्या तक्रारी झाल्या, आणि २०२५ च्या खरिपापासून राज्याने योजना सुधारताना ती काढून टाकली. फक्त कापणी प्रयोगावरची भरपाई ठेवली. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मोबाईलवरची तक्रार आणि पाहणीला येणारा माणूस हे सारे स्थानिक आपत्तीच्या जोड संरक्षणाचे भाग होते. ते संरक्षणच नसल्यावर तक्रार कशाच्या आधारे घ्यायची? कंपनीच्या माणसाशी भांडून काही उपयोग नव्हता. पावतीचा नमुना मात्र जवळपास तसाच राहिला, त्यामुळे गाडीचा साटा काढला आहे हे पाऊस पडेपर्यंत अनेकांच्या लक्षातच आले नाही.

या एका तुकड्याने पैशात किती फरक पडतो, तेही पाहा. आपल्या उदाहरणातल्याच शेतकऱ्याचे नदीकाठी एक हेक्टर सोयाबीन आहे. पाणी शिरून ८० टक्के पीक गेले. त्या वेळी पीक अशा अवस्थेत होते की हंगामाच्या एकूण खर्चापैकी ८० टक्के खर्च होऊन गेला होता. स्थानिक आपत्तीचे संरक्षण लागू असते, तर ७२ तासांत सूचना दिल्यावर त्याच्या स्वतःच्या शेताची पाहणी झाली असती आणि ५०,००० गुणिले ८० टक्के गुणिले ८० टक्के, म्हणजे ३२,००० रुपयांचा हिशोब निघाला असता. संरक्षण नसल्यावर तोच शेतकरी मंडळाच्या सरासरीवर अवलंबून. मंडळ ७३५ किलोवर आले तर १२,५००, मंडळ १००० किलोवर राहिले तर शून्य. विमा संरक्षित रक्कम तिन्ही वेळा पन्नास हजारच.

एक गोष्ट येथे स्वच्छ करून ठेवतो, कारण त्या ऑक्टोबरात फार घोळ झाला. तलाठी आणि कृषी खात्याचे कर्मचारी करतात तो पंचनामा शासनाच्या आपत्ती मदतीसाठी असतो. त्या मदतीचे दर, मर्यादा आणि यादी वेगळी, विमा वेगळा. मदत मिळाली म्हणून विमा बुडत नाही, आणि पंचनामा झाला म्हणून विम्याची सूचना दिल्यासारखे होत नाही.

राहिला अपवाद. ज्या कारणाने नुकसान झाले तर पॉलिसी मुळीच लागू होत नाही, ते कारण म्हणजे अपवाद. वजावटीत थोडे कापले जाते, अपवादात दावा मुळातूनच जातो. जनावरांच्या विम्यात हा अनुभव आपल्यापैकी काहींना असेल. गाईच्या कानात बिल्ला नसेल तर दावा नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण विमा उतरवल्यापासून साधारण पहिल्या १५ दिवसांत गाय आजाराने दगावली तरी दावा बसत नाही, हे कमी लोकांना माहीत असते. आजारी जनावराचा घाईघाईने विमा उतरवला जाऊ नये, म्हणून हा अपवाद ठेवलेला असतो.

पीक विम्यात युद्ध, अणुसंकट, हेतुपुरस्सर केलेले नुकसान आणि टाळता येण्याजोगे नुकसान हे अपवाद आहेत. पहिले दोन सोडून देऊ. टाळता येण्याजोगे म्हणजे काय, याचे उदाहरण रोजचे आहे : कुंपण मोडून शेजाऱ्याची गुरे आत शिरली, किंवा कोणी वैराने उभ्या पिकाला काडी लावली. याची दाद पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात, विम्यात नाही. उसासारखे पीक अधिसूचनेच्या यादीतच नसते. तो अपवादाच्याही अलीकडचा प्रकार झाला. गोदाकाठच्या ऊसवाल्यांनी पीक विम्याच्या आशेवर राहू नये.

पण सर्वांत फसवा अपवाद सोयाबीनच्या सुडीचा आहे. काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षण जेव्हा लागू असते, तेव्हा ते कापणीपासून जास्तीत जास्त १४ दिवस मिळते, आणि तेही पीक शेतात पसरून किंवा लहान पेंढ्या बांधून वाळत ठेवले असेल तरच. गोळा करून सुडी घातली की संरक्षण संपते. आपली रीत नेमकी उलटी आहे. आभाळ भरून आले की आपण धावत जाऊन सोंगलेले सोयाबीन गोळा करतो, सुडी घालतो, वर ताडपत्री टाकतो. शहाणपणाचे काम करतो. मग वाऱ्याने ताडपत्री उडाली, सुडी भिजली, शेंगांना कोंब फुटले, तर ते नुकसान विम्यात बसत नाही. म्हणून कोणी पीक पसरलेलेच ठेवा असे मी म्हणणार नाही. घरात येणारे धान्य विम्यापेक्षा मोलाचे. फक्त सुडी घातल्यावर जोखीम आपल्या एकट्याची असते, तेव्हा ताडपत्री चांगली घ्यावी आणि मळणी यंत्राचा नंबर लवकर लावावा.

भाषण चालू असताना मागून एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने विचारले, रानडुकरांचे आणि रोह्यांचे काय? गेली काही वर्षे वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान या विम्यात धरले जात नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ते २०२६ च्या खरिपापासून स्थानिक जोखमीत जोड संरक्षण म्हणून घेण्याचे जाहीर केले आहे. त्यात ७२ तासांच्या आत मोबाईल ॲपवर ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह सूचना द्यायची आहे. पण हे जोड संरक्षण आहे, हे लक्षात घ्या. कोणता जिल्हा आणि कोणती पिके, ते राज्याने अधिसूचित करायचे असते. तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या हंगामाचा शासन निर्णय कृषी सहायकाकडून मागून घ्यावा. सगळा वाचायची गरज नाही. आपल्या पिकासमोरची संरक्षित रक्कम, जोखीमस्तर, आपले मंडळ आणि लागू असलेल्या जोखमींचा परिच्छेद, एवढेच पाहावे. ज्या जोखमीचे नाव तेथे नाही, तिच्यासाठी आपण हप्ता भरलेला नाही असे समजावे. कागद मिळाला नाही, तर १४४४७ या मदत क्रमांकावर पावतीचा क्रमांक सांगून विचारता येते, आणि हे विचारायची वेळ पेरणीच्या दिवसांतली, पूर ओसरल्यानंतरची नव्हे.